पेशंट दुसऱ्या सिटिंगला आलाच नाही: निरोप कसा लिहायचा, पैशांचं कसं सांगायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या दातांच्या दवाखान्यांसाठी हे पान आहे. त्यातही फोन उचलणाऱ्या, वेळांची वही सांभाळणाऱ्या आणि पेशंटला निरोप लिहिणाऱ्या माणसासाठी. नुसत्या तपासणीची वेळ चुकली तर फारसं बिघडत नाही. म्हणून इथे एकच प्रसंग घेतला आहे: रूट कॅनलचं पहिलं सिटिंग झालं, दातावर तात्पुरतं सिमेंट लागलं, आणि पेशंट दुसऱ्या सिटिंगला फिरकलाच नाही. दाताचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि पेशंटला दुखावणारे निरोपही इथेच जातात.

निरोप कशासाठी पाठवायचा? पैसे मिळवायला की पेशंटला परत आणायला?

परत आणायला. हे मनात पक्कं नसलं की निरोपाचा सूर बिघडतो.

पहिल्या सिटिंगमध्ये डॉक्टर दात उघडतात, आतली सडलेली नस काढतात, नळ्या साफ करतात, बहुतेक वेळा आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरतात आणि वर तात्पुरतं सिमेंट लावतात. ठणका थांबतो. पेशंटच्या दृष्टीने आजार संपला, कारण तो ठणक्यासाठीच आला होता. दुसऱ्या सिटिंगला न येणाऱ्यांपैकी पुष्कळजण बेपर्वा नसतात. दुखत नाही म्हणून काम झालं असं त्यांना मनापासून वाटतं.

पण ते सिमेंट आठवडा-दोन आठवडे टिकावं एवढ्याच बेताने लावलेलं असतं. पुढे ते चावून झिजतं, कडेने फट पडते, लाळ आणि जंतू आत उतरतात आणि साफ केलेल्या नळ्या पुन्हा बिघडतात. शिवाय मधून पोकळ झालेल्या दाढेच्या भिंती कमजोर असतात. भाकरीचा कडक पापुद्रा किंवा सुपारी दाताखाली आली आणि दाढ उभी चिरली, चीर हिरडीखाली गेली, तर दाढ काढण्यावाचून सहसा इलाज राहत नाही. म्हणजे पेशंटचे पहिल्या सिटिंगचे पैसेही गेले आणि दाढही गेली. निरोपात सगळ्यात ठळक गोष्ट हवी ती ही: काम अर्धं आहे आणि अमुक तारखेच्या आत यायला हवं.

वेळ चुकवल्याबद्दल पैसे घेता येतात का?

आधी सांगितलं असेल तर येतात, आणि तेही माफक. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळू शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, झालेल्या नुकसानाच्या मानाने पूर्णपणे अवाजवी दंड लावणारी अट ही अन्यायकारक कराराच्या व्याख्येत येते. पेशंटला पहिल्यांदा निरोपातूनच कळलं की पैसे द्यायचे आहेत, तर ती मागणी कायद्यात लंगडी आणि माणुसकीतही लंगडी.

सांगायची योग्य वेळ म्हणजे पहिलं सिटिंग संपल्यावर, पुढची तारीख कार्डावर लिहिताना. तोंड बधीर असताना खुर्चीत नाही. तेव्हा पेशंट नुसती मान हलवतो. काउंटरवर, शक्यतो सोबत आलेल्या माणसाच्या देखत दोन वाक्यं बोलायची: “पुढच्या मंगळवारी अकराची वेळ फक्त तुमच्यासाठी ठेवली आहे, पूर्ण तासभर. जमणार नसेल तर सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत फोन करा, नाहीतर अडीचशे रुपये लागतात.” हेच कार्डावर छापलेलं असावं. कर्नाटकात खासगी दवाखान्यांनी दर लावून ठेवायचे असतात, त्या फलकावरही हा दर असावा; कन्नडमध्ये आणि मराठीतही, कारण बाकावर शेजारी शेजारी बसलेली माणसं दोन्ही भाषांची असतात.

किती रुपये ठेवावेत?

रिकामा तास दवाखान्याला कितीला पडतो, ते काढा आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबा. उदाहरणार्थ, भाडं १८,०००, दोन माणसांचे पगार २४,०००, वीज-पाणी आणि निर्जंतुकीकरण ८,०००, खुर्ची-एक्स-रेच्या कर्जाचा हप्ता २८,०००. महिन्याला झाले ७८,०००. महिन्यात २६ दिवस, दिवसाला खुर्चीवरचे सहा तास, म्हणजे १५६ तास. भागाकार केला की तासाला ५०० रुपये येतात.

पूर्ण ५०० का घेऊ नयेत? कारण तो तास दर वेळी पूर्ण वाया जात नाही. बाकावर बसलेला कुणी दुखणाऱ्या दाताचा पेशंट आत घेतला जातो. पेशंट आलाच नाही म्हणून बधीर करण्याचं इंजेक्शन, फाइल्स, कापूस हेही वापरलं जात नाही. शिवाय ज्याची दिवसाची मजुरी बुडते त्याला ५०० हा आकडा दवाखाना बदलायला पुरेसा असतो. २५० रुपयांत गोष्ट लक्षात राहते आणि नातं तुटत नाही. डॉक्टरांना त्या तासात काय मिळालं असतं त्यावरून आकडा काढू नये. तो हिशोब पेशंटला कधीच पटत नाही, आणि पटवून द्यायची वेळ आली तर आपलीच अडचण होते.

त्यापेक्षा आगाऊ रक्कम घेतली तर?

लांब कामांसाठी हीच पद्धत जास्त चांगली. दुसऱ्या सिटिंगची वेळ देताना ५०० रुपये घ्यायचे, पावती द्यायची आणि ती रक्कम शेवटच्या बिलातून वजा करायची. वेळ चुकली तरी पैसे मागण्याचा प्रसंग येत नाही. ठरलेले २५० त्यातून कमी होतात आणि बाकी पेशंटच्या नावे राहतात. मागणं आणि वळतं करणं यात पेशंटच्या मनावर फार वेगळा परिणाम होतो. पण आगाऊ रक्कम सगळ्यांकडून घ्या. शहरातल्या ओळखीच्या माणसाला सोडून खेड्यातून आलेल्याकडून घेतली, तर ते त्याला काउंटरवरच दिसतं.

वेळ टळली. आता नेमकं कधी काय करायचं?

ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांनी एक फोन करा. हा फोन जाब विचारायला नसतो. पेशंट सीबीटीवर उतरून रिक्षा शोधत असेल, तर आणखी दहा मिनिटं थांबून अर्धं काम तरी करता येतं. फोन लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नका. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला रेंजच नसते, आणि रेंज आल्यावर एकदम सहा मिस्ड कॉल दिसले की माणूस घाबरतो किंवा चिडतो.

लेखी निरोप त्याच दिवशी संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान जाऊ द्या. तेव्हा शेतातली माणसं घराकडे वळलेली असतात आणि मुलं मोबाइल घेऊन बसलेली असतात. रात्री नऊनंतर पाठवलेला निरोप तगाद्यासारखा वाटतो. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी एक फोन, आणि सिमेंटची मुदत संपायच्या आदल्या दिवशी शेवटचा निरोप. तिथे थांबायचं.

फोनवर पहिलं वाक्य कोणतं?

तब्येतीचं. “काकू, दवाखान्यातनं बोलतोय. आज आला न्हाईसा, तब्येत बरी हाय न्हवं?” एवढं विचारून गप्प बसायचं आणि ऐकायचं. पेशंट कारण सांगतो. ते कारण खरं धरून पुढे जायचं. “पण एक फोन तरी करायचा” हे वाक्य त्या दिवशी बोलायचं नाही. मग दाताचं: “दुखत नसलं तरी आत औषध भरून ठेवलंय, पुढच्या मंगळवारच्या आत यायला पायजे.” मग दोन वेळा द्यायच्या. पैशाचा विषय पेशंटने काढला नाही, तर तो लेखी निरोपावर सोडायचा. फोनवर आकडा सांगितला की उरलेलं सगळं विसरलं जातं आणि घरात फक्त आकडा पोचतो.

वयाने मोठ्यांना काका, काकू, मावशी म्हणा आणि अहो-जाहो करा. तरुणाला ‘सर’ म्हणण्यापेक्षा नावापुढे ‘दादा’ लावलेलं इथे जवळचं वाटतं. कन्नड बोलणाऱ्या पेशंटशी कन्नडमध्येच बोला. केस पेपरच्या कोपऱ्यात पहिल्याच दिवशी ‘म’ किंवा ‘क’ लिहून ठेवलं की निरोपाची भाषा चुकत नाही.

लेखी निरोपाचा पूर्ण नमुना मिळेल का?

एक प्रसंग धरू. खानापूर तालुक्यातल्या सुनंदाकाकू. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ. पहिलं सिटिंग मंगळवार ७ जुलैला झालं, दुसरं मंगळवार १४ जुलैला सकाळी ११ वाजता ठरलं होतं. त्या आल्या नाहीत, फोन लागला नाही. भाताच्या लावणीचे दिवस आहेत. सिमेंट लावून आठवडा झालाय, म्हणजे २१ जुलैपर्यंतची मुदत हाताशी आहे. निरोप असा:

> नमस्कार सुनंदाकाकू,
>
> आज सकाळी ११ ला तुमची वेळ होती. तुम्ही आला नाहीत, फोनही लागला नाही. घरी सगळं ठीक आहे ना?
>
> दाढ आता दुखत नसेल, पण काम अर्धं राहिलं आहे. वर लावलेलं सिमेंट तात्पुरतं आहे. २१ जुलैच्या आत पुढचं काम व्हावं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका.
>
> तुमच्यासाठी दोन वेळा ठेवल्या आहेत: शुक्रवार १७ जुलै सकाळी १०.३०, किंवा शनिवार १८ जुलै दुपारी १२. यातली कुठली जमेल ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. दोन्ही जमत नसतील तर तुम्हीच दिवस सांगा.
>
> न कळवता वेळ चुकली तर २५० रुपये लागतात, हे कार्डावर लिहिलेलं आहे. तुमची ही पहिलीच वेळ आहे, म्हणून ते घेणार नाही. पुढे कधी जमणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत एक फोन करा, म्हणजे ती वेळ दुसऱ्या पेशंटला देता येते.
>
> मध्येच सिमेंट निघालं, सूज आली किंवा ठणका लागला, तर वेळ न घेता लगेच या.

खाली निरोप लिहिणाऱ्याचं नाव आणि दवाखान्याचा नंबर. डॉक्टरांच्या नावाने रिसेप्शनने लिहू नये. काकूंनी उत्तरादाखल डॉक्टरांनाच काही विचारलं तर घोटाळा होतो.

यात प्रत्येक गोष्ट त्याच जागी का आहे?

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप उघडायच्या आधी पहिली ओळ दिसते. तिथे “घरी सगळं ठीक आहे ना” या सुरातलं काही असलं की निरोप उघडला जातो. “शुल्क” दिसलं की बाजूला पडतो.

दाताची माहिती तारखेसह आहे, भीती घालून नाही. “दात काढावा लागेल” असं निरोपात लिहू नका. घाबरलेला पेशंट उलट लांब जातो, आणि दाढ न बघता असं लिहिणंही बरोबर नाही. “कडक चावू नका” ही सूचना मात्र हवीच, कारण पेशंट आला नाही तरी तेवढ्याने दाढ वाचू शकते.

वेळा दोनच दिल्या आहेत. “सोयीप्रमाणे कळवा” असं लिहिलं की पेशंट ठरवू ठरवू म्हणतो आणि आठवडा जातो. शनिवार मुद्दाम निवडला आहे: बेळगावच्या बाजाराचा दिवस, गावाकडची माणसं तशीही येतात, दुपारी बारापर्यंत खरेदी आटोपलेली असते. मात्र शनिवारी बाकावरही गर्दी असते. ती वेळ खरोखर मोकळी ठेवता येत नसेल, तर देऊ नका.

पैशाचं वाक्य चौथ्या परिच्छेदात आहे आणि ते स्पष्ट आहे. ते वगळलं तर पुढच्या वेळी मागताना तोंड वाकडं होतं. अगदी वर घेतलं तर पत्र वसुलीचं होतं. माफी दिली आहे हे सांगताना “यावेळी माफ करत आहोत” असा उपकाराचा सूर नको. “घेणार नाही” एवढं साधं पुरतं. आणि ‘दंड’ लिहू नका. दंड पोलीस आणि कोर्ट करतात.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिच्यामुळे पैसे द्यायचे राहिले म्हणून, किंवा रागावतील म्हणून, सुजलेला गाल घेऊन घरी बसणारा पेशंट दारात येतो.

साधारणपणे पाठवला जाणारा निरोप चुकतो कुठे?

“आपण आपली अपॉइंटमेंट चुकवली आहे. नियमानुसार रु. ५०० भरावेत, अन्यथा पुढील उपचार केले जाणार नाहीत.” असे निरोप सर्रास जातात. पहिल्या वाक्यात आरोप, कारण न विचारता. दुसऱ्यात धमकी, आणि तीही न पाळता येण्यासारखी: नळ्या उघडून औषध भरलेला दात डॉक्टर अर्ध्यावर टाकू शकत नाहीत. ठणक्याने आलेल्या पेशंटला २५० रुपयांसाठी परत पाठवायचं नाही, हे रिसेप्शनवर बसणाऱ्याला डॉक्टरांनी स्वतः सांगून ठेवायला हवं. सोबत क्यूआर कोड पाठवण्याची पद्धतही टाळा. पैसे घ्यायचेच असतील तर पेशंट आल्यावर, काम झाल्यावर, बाकीच्या हिशोबाबरोबर घ्या.

पेशंटकडे साधा मोबाइल आहे. एसएमएस कसा लिहायचा?

देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, आणि मजकूर त्याहून लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे ‘सिमेंट’ सहा अक्षरांचा होतो. दोन तुकड्यांत बसेल असं लिहा:

> काकू, आजची वेळ राहिली. दाढेचं सिमेंट तात्पुरतं आहे. शुक्र १०.३० की शनि १२? फोन करा.

पैशाचा विषय एसएमएसमध्ये आणूच नका. एवढ्या थोड्या जागेत तो नेहमी कोरडा वाटतो; फोनवर किंवा काउंटरवर बोला. दवाखान्याच्या नावाने एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील, तर ट्रायच्या नियमानुसार मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो आणि त्यात नाव, तारीख, वेळ एवढंच बदलता येतं. म्हणून नोंदवतानाच मजकूर नीट घासून घ्या; एकदा मंजूर झालेला उद्धट नमुना पुढे प्रत्येकाला जात राहतो.

घरात एकच फोन असतो, निरोप मुलगा किंवा सून वाचते. चालेल का?

पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: निरोप कुठल्या नंबरवर पाठवायचा, आणि तो कोणी वाचला तर चालेल? सिमेंट तात्पुरतं आहे, एवढं कुणी वाचलं तर सहसा बिघडत नाही. पण तंबाखूमुळे तोंडात आलेला पांढरा चट्टा, लग्न ठरलेल्या मुलीचा नकली दात, अशा गोष्टी दुसऱ्याच्या फोनवर जाता कामा नयेत. तिथे “तुमचं पुढचं काम बाकी आहे, फोन करा” इतकंच. आणि निरोप कधीही गावाच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी हस्ते “तेवढं सांगा त्यांना” म्हणून पाठवू नका.

पैसे कधी अजिबात घ्यायचे नाहीत?

पहिली वेळ चुकली तेव्हा. ठरलेल्या दिवशी सकाळी फोन करून खरी अडचण सांगितली तेव्हा. घरात मृत्यू किंवा दवाखान्यात कुणाला दाखल केलं असेल तेव्हा. या शेवटच्या परिस्थितीत तर निरोपातलं पैशाचं वाक्यच काढून टाका.

या भागात आणखी दोन कारणं कायमची धरून चालावी लागतात. पावसाळ्यात वेदगंगा, दूधगंगा फुगल्या की निपाणी-चिकोडीकडचे बुटके पूल पाण्याखाली जातात, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातले रस्ते बंद होतात. दुसरं कारण सीमेचं: वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात, जसं फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. चंदगडहून येणारा पेशंट तेव्हा कसा पोचणार? अशा दिवशी पेशंटच्या फोनची वाट न पाहता सकाळीच आपण निरोप पाठवावा: “आज बस बंद आहेत, तुम्ही निघू नका, नवी वेळ देतो.” १ नोव्हेंबर आणि हिवाळी अधिवेशनाचे दिवस आले की चंदगडच्या पेशंटना लांब सिटिंगची वेळ देतानाच विचार करा.

लावणी, कापणी, गावची जत्रा या गोष्टी आधी माहीत असतात, म्हणून त्या सवलतीच्या यादीत धरू नका, मात्र वेळ देताना आपणच विचारा, “त्या आठवड्यात लावणी नाही ना?” एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी रिकामे तास वाचतात.

सवलत दिली की तारीख आणि कारण केस पेपरवर लिहा. एका गल्लीतल्या दोघांना वेगळा न्याय मिळाला, तर ते दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर कळतं.

दुसऱ्यांदाही न कळवता चुकलं तर?

मग पैसे घ्या, आणि ते सरळ सांगा. सूर बदलू नका.

> नमस्कार काकू, आज १२ ची वेळही राहिली. सिमेंटची मुदत मंगळवारी संपते, म्हणून सोमवारी सकाळी १० ची वेळ ठेवली आहे. आधी ठरल्याप्रमाणे या वेळचे २५० रुपये लागतील. सोमवारी कामानंतर द्या. कॅप बसवून काम पूर्ण झालं की तेवढे शेवटच्या बिलातून कमी करू. येण्यात काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, तशी वेळ बसवू.

काम पूर्ण केल्यावर रक्कम कमी करण्याने दवाखान्याचं थोडं नुकसान होतं, पण पेशंट कॅपपर्यंत टिकतो. रूट कॅनल झालेली दाढ कॅपशिवाय राहिली की पुढे फुटू शकते आणि दोष डॉक्टरांच्या कामाला लागतो. त्यामानाने २५० रुपये फार नाहीत. “अडचण असेल तर सांगा” हे वाक्य पैशाच्या चणचणीसाठी आहे. दुसऱ्या सिटिंगला न येण्यामागे पुष्कळदा उरलेल्या बिलाची काळजी असते आणि ती कुणी स्वतःहून बोलत नाही. हप्ते देत असाल तर तेही इथे लिहा.

पेशंट म्हणतो, “तुम्ही आम्हाला तासभर बसवता, त्याचे कोण देणार?”

रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नियमातच असायला हवं. पेशंट वेळेवर येऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त बसला असेल, तर त्याची पुढची एक चूक मोजायची नाही. डॉक्टर उशिरा येणार असतील किंवा आधीचं काम लांबलं असेल, तर पुढच्या पेशंटला गावाहून निघण्यापूर्वी कळवायचं. खानापूरहून यायला तास जातो. बारा वाजता सांगून उपयोग नाही, साडेदहाला सांगावं लागतं. दवाखान्याने वेळ रद्द केली तर नवी वेळ पेशंटच्या सोयीची, आणि आगाऊ रक्कम परत हवी असेल तर लगेच.

वादात उत्तर एवढंच द्या: “बरोबर आहे, त्या दिवशी तुम्हाला बसावं लागलं. हे पैसे सोडून देऊ. दाढ तेवढी पूर्ण करून घ्या.”

काहीच उत्तर येत नसेल तर?

शेवटच्या निरोपात पैसे नाहीत, नवी वेळही नाही. फक्त तीन गोष्टी: काम अपुरं आहे, सिमेंटची मुदत संपत आहे, आणि दुसऱ्या दवाखान्यात पूर्ण करणार असाल तर एक्स-रे आणि केलेल्या कामाची माहिती देऊ. त्याखाली इशारा: ताप, गालाची किंवा जबड्याखालची वाढती सूज, तोंड उघडायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर न थांबता मोठ्या दवाखान्यात जा. केस पेपरवर प्रत्येक फोन आणि निरोपाची तारीख, वेळ लिहून ठेवा. पुढे तक्रार झाली तर हीच नोंद उपयोगी पडते.

या शुल्कावर जीएसटी लागतो का? पावती द्यायची का?

ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाप्रमाणे रद्द करण्याच्या शुल्काला मूळ सेवेसारखीच वागणूक मिळते. दातावरचे उपचार करमुक्त आहेत, त्यामुळे त्या वेळेचं शुल्कही तसंच. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या कामांचं वेगळं असू शकतं, ते आपल्या करसल्लागाराला विचारा. पावती नेहमी द्या, त्यावर चुकलेली तारीख लिहून.

पेशंट महिन्याने स्वतःहून आला तर?

“इतके दिवस कुठे होता” हे काउंटरवर नको. बसवा, पाणी द्या, डॉक्टरांना सांगा. डॉक्टर आधी सिमेंट बघतात: कड उघडली आहे का, आतला कापूस लाळेने भिजून वास येतो का, दाढ ठोकल्यावर दुखते का. गरज वाटली तर एक्स-रे. आत ओल गेली असेल तर नळ्या पुन्हा धुवाव्या लागतात आणि एक सिटिंग वाढतं. त्याचे वेगळे पैसे घेणार असाल, तर दाढ उघडण्यापूर्वी आकडा सांगा आणि कारण दाखवा. शक्य असेल तर आरशात ती फट पेशंटला दिसू द्या. वाढीव सिटिंगचे पैसे घेत असाल तर चुकलेल्या वेळेचे २५० घेऊ नका. एकाच चुकीचे पैसे दोनदा घेतले असं त्याला वाटेल, आणि ते खरंही असेल.